चट्टा फोटोत, हकीकत शब्दांत

"डॉक्टर, बाळाच्या अंगावर लाल रॅश आलीय, काय लावू?" सोबत ट्यूबलाइटखाली काढलेला एक हललेला फोटो. या निरोपातून बालरोगतज्ज्ञांना एवढंच कळतं की घरचे काळजीत आहेत. चट्टा इसबाचा आहे, गजकर्णाचा, खरजेचा की नुसत्या घामोळ्याचा, हे ठरवायला लागणाऱ्या निम्म्याहून जास्त गोष्टी कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. त्या फोटोखालच्या मजकुरात आल्या पाहिजेत.

पहिली अडचण रंगाची. इसब म्हणजे त्वचेला आलेली सूज. गोऱ्या कातडीवर ती लालभडक दिसते. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तीच सूज तपकिरी, राखाडी किंवा जांभळट दिसते आणि फोटोत अनेकदा विरूनच जाते. म्हणून 'लाल आहे' किंवा 'लाल नाही' असं लिहिण्यापेक्षा शेजारच्या कातडीशी तुलना करावी: गडद आहे, फिकट आहे की जांभळट आहे.

फोटो दिवसा, खिडकीजवळ काढावा. फ्लॅश बंद, थेट ऊन नको. चेहरा गुळगुळीत करणारा 'ब्यूटी' फिल्टर चालू राहिला तर खवलेच पुसले जातात, तोही बंद हवा. तेल किंवा क्रीम लावण्याआधी फोटो काढावा, कारण चकाकीखाली कोरडेपणा झाकला जातो. एक फोटो लांबून, पूर्ण हात किंवा पाय दिसेल असा. दुसरा वीतभर अंतरावरून, शेजारी रुपयाचं नाणं धरून. जागेपणी मूल स्थिर राहत नसेल तर झोपेत काढावा. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर बारकावे टिकतात.

आता मजकूर. एका दीड वर्षाच्या मुलीबद्दलचा निरोप असा असू शकेल:

"मुलगी, वय १८ महिने, वजन ९.८ किलो. दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत आणि दोन्ही गुडघ्यांच्या मागे, लवणीत चट्टे. सगळ्यांत मोठा उजव्या कोपरात, तिच्या स्वतःच्या अर्ध्या तळहाताएवढा. शेजारच्या कातडीपेक्षा गडद तपकिरी. कडा नेमकी कुठे संपते ते सांगता येत नाही. हाताला पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. वर नखांचे ओरखडे, दोन ठिकाणी सुकलेलं रक्त. पाणी सुटत नाही, पिवळी खपली नाही. तीन आठवड्यांपासून आहे. मागच्या हिवाळ्यात गालांवर असंच झालं होतं. रात्री दोन-तीनदा खाजवत उठते. लंगोटाच्या जागी, तळहात-तळपायांवर काही नाही. घरात आणखी कोणाला खाज नाही. वडिलांना दमा आहे. मेडिकलमधून आणलेलं मलम पाच दिवस दोन वेळा लावलं, ट्यूबचा फोटो सोबत. ताप नाही, खाणंपिणं ठीक."

यात 'इसब' हा शब्द कुठेच नाही, आणि तेच योग्य आहे. आपण रोगाचं नाव घातलं की पुढचं वर्णन नकळत त्या नावाला जुळेल असं होतं. दिसलं ते लिहावं, निदान डॉक्टरांवर सोडावं.

डॉक्टर हा मजकूर कसा वाचतात ते पाहू. सुरुवात जागेपासून होते. तान्ह्या बाळाचा इसब बहुधा गालांवर आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूला दिसतो. मूल चालू-फिरू लागलं की तो हळूहळू कोपर, गुडघे, मनगटं, घोटे अशा घड्यांकडे सरकतो. दोन्ही बाजूंना सारखा असणं आणि आधी गालांवर येऊन गेलेलं असणं, हे इसबाच्या बाजूचे पुरावे. लंगोटाखालची जागा ओलसर आणि झाकलेली राहते, त्यामुळे इसब बहुधा तिला सोडून देतो. पुरळ नेमकी तिथेच असेल तर डॉक्टर दुसऱ्या कारणांचा विचार करतात. म्हणून 'कुठे नाही' हेही लिहायचं.

मग कडा. इसबाचा चट्टा निरोगी कातडीत विरत जातो. गजकर्णाची कडा उठलेली, गोल रिंगणासारखी असते आणि मध्यभाग बराच स्वच्छ दिसतो. घरातल्या इतरांना खाज नाही या वाक्याने खरजेची शक्यता कमी होते, कारण खरूज एकमेकांना लागते आणि लहान मुलांत तळहात, तळपाय, काखांतही येते. वडिलांचा दमा मात्र इसबाकडे बोट दाखवतो: दमा, सर्दीची ॲलर्जी आणि इसब एकाच घरात आढळणं नेहमीचं.

आकार सांगताना मुलाचा स्वतःचा तळहात कामी येतो. बोटं जुळवलेला मुलाचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाच्या कातडीचा साधारण एक टक्का. किती तळहात भरतील एवढं सांगितलं तरी व्याप्ती कळते. रात्री किती वेळा उठते यावरून खाजेचा जोर कळतो, आणि उपचार किती जोरात करायचा हे बरंचसं त्यावर ठरतं.

सगळ्यांत जास्त लपवलं जातं ते मलम. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीविरोधी आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूब चिठ्ठीशिवायही हाती पडतात. त्यातल्या स्टेरॉइडने चट्टा चार दिवस बसतो. तो गजकर्णाचा असेल तर कडा पुसली जाते, रूप बदलतं आणि बुरशी खाली पसरत राहते. ट्यूबच्या मागच्या बाजूचा, घटक वाचता येतील असा फोटो पाठवावा. हळद, खोबरेल, कडुनिंबाचा पाला, जे लावलं असेल तेही सांगावं.

काही गोष्टी दिसल्या तर उत्तराची वाट बघत बसू नये. इसबावर अचानक सारख्या आकाराचे बारीक फोड किंवा छिद्र पाडल्यासारखे व्रण घोळक्याने उठले, दुखू लागले, ताप आला, तर तो हर्पिसच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ताप असताना पारदर्शक काचेचा पेला दाबूनही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके दिसले तर थेट रुग्णालयात. मधासारखी पिवळी खपली आणि पाणी सुटणं ही बहुधा जिवाणूंच्या संसर्गाची खूण. तिथे फोनवर काम भागणार नाही, मूल दाखवायलाच हवं.

इतकं करूनही डॉक्टर 'एकदा घेऊन या' म्हणू शकतात. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार फोटोवर भागेल की प्रत्यक्ष तपासणी हवी, हे त्यांनीच ठरवायचं असतं. कातडी जाड झाली आहे का, हे बोटांनाच कळतं.

उपचार सुरू झाल्यावर आठवड्याने त्याच खिडकीजवळ, त्याच अंतरावरून पुन्हा फोटो काढावा. या टप्प्यावर पालक एका गोष्टीने हमखास घाबरतात: चट्टा जातो आणि मागे फिकट डाग उरतो. कोडाच्या भीतीने घाईघाईत निरोप जातो. तेव्हा एवढं लिहावं: "डाग फिकट आहे, पण हाताला गुळगुळीत लागतो, खाज नाही, झोप शांत आहे." सूज उतरल्यावर सावळ्या कातडीचा रंग परतायला काही महिने लागतात. या ओळीवरून डॉक्टरांना इसब आटोक्यात आल्याचा अंदाज येतो आणि आणखी मलम चोपडण्याची वेळ टळते.