तिमाहीचा ताळा

दर तीन महिन्यांनी आम्ही बडोद्याच्या घरी एका कागदावर दोन रकाने आखतो. डावीकडे मालमत्ता, उजवीकडे देणे. वजाबाकी करून उरते ती निव्वळ मालमत्ता. मार्चअखेर ठेवी ६,४०,०००, सोने ९,००,०००, खरेदीच्याच किमतीने मांडलेले घर २०,००,००० आणि गृहकर्ज ५,२०,००० रुपये होते, निव्वळ ३०,२०,०००. जूनअखेर हा आकडा ३१,५५,००० झाला. १,३५,००० रुपयांची भर पाहून घरात आनंदीआनंद झाला. नव्या फ्रिजची बोलणीही निघाली.

मग आम्ही ओळीओळीने फरक काढला. सोन्याचे वजन तेवढेच होते. केवळ भावामुळे १,००,००० वाढले होते. ठेवींत व्याजासह १५,००० ची भर पडली आणि कर्जाचे मुद्दल २०,००० ने उतरले. म्हणजे आमच्या काटकसरीचे फळ ३५,००० च. भाव उतरल्यास तो लाख परतही जाईल. म्हणून प्रगती मोजावयाची ती या ३५,००० वरून. हप्त्यातील व्याज मात्र त्यात धरू नये. तो खर्चच होय.

दुसरा आकडा हाताशी असलेल्या पैशाचा. ठेवींपैकी तत्काळ काढता येण्याजोगे १,२०,००० आणि महिन्याचा खर्च ४०,०००. मिळकत थांबल्यास निभाव तीनच महिने. ठेव मोडून कर्ज फेडले तर निव्वळ आकडा हलत नाही, पण हे महिने घटतात. फ्रिजची बोलणी तेथेच थांबली.