पाऊस वजा केल्यावर उष्णतेचे काय उरते?

वसंतात हवा जास्त उबदार राहिली की त्या वर्षी वैरण कमी येते. इंग्लंडमधल्या एका भागाची २० वर्षांची आकडेवारी वरवर चाळली, तर हेच दिसते. पण गवत पिकवणाऱ्याला हे पटणार नाही. कडक थंडीत गवताची वाढ खुंटते आणि ऊब लागली की ते जोम धरते, हे तो दरवर्षी डोळ्यांनी पाहतो. मग आकडे उलटे का बोलतात?

हे आकडे आर. एच. हूकर यांच्या अभ्यासातले आहेत. हवामान आणि पिके यांच्या संबंधावरचा त्यांचा निबंध १९०७ साली प्रसिद्ध झाला. पुढे जॉर्ज अडनी यूल यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात हेच उदाहरण सोडवून दाखवले. मला ते फार आवडते, कारण त्यात तीनच गोष्टी आहेत आणि तिन्ही आपल्या परिचयाच्या आहेत. पहिली म्हणजे वैरण. ती एकरी हंड्रेडवेटमध्ये मोजलेली आहे, आणि एक हंड्रेडवेट म्हणजे सुमारे ५१ किलो. सरासरी उत्पन्न एकरी २८ हंड्रेडवेट होते. दुसरी गोष्ट वसंतातला पाऊस, सरासरी ४.९ इंच. तिसरी वसंतातली उष्णता, पण ती मोजण्याची रीत वेगळी आहे. तापमान ४२ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण साडेपाच अंश सेल्सिअसच्या जितके वर जाईल, तेवढे अंश बेरजेत धरत जायचे. त्याखाली गवत फारसे वाढत नाही, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. या बेरजेची सरासरी ५९४ येते.

दोन गोष्टी बरोबरीने किती वरखाली होतात, हे सहसंबंध गुणांक सांगतो. दोन्ही अगदी एका चालीने वाढत असतील तर तो १ येतो. एक वाढताना दुसरी तितक्याच नेमाने घटत असेल तर उणे १, आणि काहीच मेळ नसेल तर शून्य. वैरण आणि पाऊस यांचा गुणांक ०.८० आला. वैरण आणि उष्णता यांचा आला उणे ०.४०, आणि सुरुवातीचे कोडे याच आकड्याने घातले. तिसरी जोडी राहिली पाऊस आणि उष्णतेची. तिचा गुणांक उणे ०.५६, आणि कोड्याची किल्ली इथेच आहे.

पावसाळी वसंतात आभाळ भरलेले राहते आणि हवा गार असते. उबदार वसंत बहुधा कोरडा जातो. म्हणजे ज्या वर्षी उष्णता जास्त, त्या वर्षी पाऊस कमी, आणि पाऊस कमी म्हणून वैरण कमी. वैरण घटल्याचा आळ उष्णतेवर आला, पण त्या वर्षांत पावसाचाही तुटवडा होता. दोन गोष्टींच्या नात्यात अशी तिसरी गोष्ट मिसळलेली असली, तर तिचा वाटा वजा करून उरलेले नाते मोजता येते. त्याला आंशिक सहसंबंध म्हणतात. तो काढण्याची रीत यूल यांनी १८९७ साली मांडली होती.

वजा करायचे म्हणजे नेमके काय करायचे, ते एका काल्पनिक वर्षावरून पाहू. समजा, त्या वसंतात सरासरीपेक्षा एक इंच जास्त पाऊस पडला. या २० वर्षांच्या आकड्यांवरून काढलेली सरळ रेषा सांगते की, एका इंचामागे वैरण सुमारे ३.२ हंड्रेडवेटने वाढते आणि उष्णतेची बेरीज सुमारे ४३ने घटते. म्हणजे केवळ पावसावरून अंदाज बांधला, तर त्या वर्षी वैरण ३१.२ आणि उष्णता ५५१ हवी. प्रत्यक्षात मात्र वैरण ३२.२ आणि उष्णता ६०१ निघाली, असे धरू. तर वैरण अंदाजापेक्षा १ने जास्त आहे आणि उष्णता ५०ने जास्त आहे. पावसाने समजावता न आलेला हा शिल्लक फरक आहे. वीसही वर्षांचे असे दोन-दोन शिल्लक आकडे काढायचे आणि त्यांचा आपसात सहसंबंध मोजायचा. जो गुणांक येईल, तोच आंशिक सहसंबंध.

तिन्ही गुणांक हाताशी असले की एवढा खटाटोप करावा लागत नाही. वैरणीला १, पावसाला २ आणि उष्णतेला ३ हे क्रमांक दिले, तर सूत्र असे होते:

```
r13.2 = (r13 - r12*r23) / sqrt((1 - r12^2) * (1 - r23^2))
```

यातला गुणाकार नीट पाहावा. ०.८० गुणिले उणे ०.५६ म्हणजे उणे ०.४४८. उष्णतेचा वैरणीशी स्वतःचा काहीही संबंध नसता, तरी निव्वळ पावसामुळे त्यांच्यात एवढा उलटा सहसंबंध दिसला असता. प्रत्यक्षात दिसला तो उणे ०.४०, म्हणजे त्याहून थोडा सौम्य. वजाबाकी केली की अधिक ०.०४८ उरतात. छेदात ०.६० आणि ०.८३ यांचा गुणाकार येतो, म्हणजे जवळपास ०.५०. हा भागाकार करावा लागतो, कारण पाऊस काढून घेतल्यावर वैरण आणि उष्णता या दोघांतले चढउतारही आक्रसलेले असतात. उत्तर येते अधिक ०.०९७. उणे ०.४०चे चिन्हच पालटले. याच रीतीने उष्णता वजा करून पाऊस आणि वैरणीचा गुणांक काढला, तर ०.८०चा ०.७६ होतो. पावसाचे नाते जवळजवळ जागचे हलले नाही.

इथे एक मोह आवरायला हवा. चिन्ह पालटले म्हणून ‘उष्णतेने वैरण वाढते’ असे लगेच म्हणू नये. हाताशी २० वर्षेच आहेत. एवढ्या थोड्या नोंदींत, मुळात काही संबंध नसतानाही, आंशिक गुणांक केवळ योगायोगाने ०.४५पर्यंत सहज जाऊ शकतो. त्यापुढे ०.०९७ म्हणजे जवळपास शून्यच. खरे तर मूळचा उणे ०.४० हाही त्या मर्यादेच्या आतच होता.

दुसरी अडचण सरळ रेषेची. ही रीत असे धरून चालते की प्रत्येक इंच पावसाने वैरण सारखीच वाढते. पण पाणी साचेपर्यंत पाऊस झाला तर गवत कुजेल. असा वळणदार परिणाम रेषेने पुरता वजा होत नाही आणि त्याचा अंश शिल्लक आकड्यांत मिसळून राहतो. शिवाय ज्याची नोंदच नाही, ते वजा होणे शक्य नाही. जमिनीचा कस किंवा आधीच्या हिवाळ्यातली ओल या हिशेबात कुठेही नाही.

माझ्या मते सर्वांत मोठा धोका वेगळाच आहे. तीन गुणांकांपैकी कोणता ‘तिसरा’ मानायचा, हे सूत्राला ठाऊक नसते. आपण वैरण वजा करून पाऊस आणि उष्णता यांचा आंशिक सहसंबंधही काढू शकतो. उत्तर उणे ०.४४ येते आणि गणितात कुठेही चूक नसते. पण कापणीला आलेले गवत वसंतातला पाऊस किंवा ऊन ठरवत नाही. वैरण हा त्या दोघांचा परिणाम आहे, आणि परिणाम वजा केला की कारणांमधले नाते शुद्ध होण्याऐवजी विकृत होते. पाऊस वजा करणे योग्य ठरले, कारण वैरण त्यावर वाढते आणि ढगाळ, पावसाळी हवेमुळे उष्णताही घटते. हे आपल्याला शेतावरून आणि आभाळाकडे पाहून कळले, सूत्रातून कळले नाही.

तेव्हा ‘अमुक घटक वजा करूनही संबंध टिकला’ असे एखाद्या बातमीत वाचाल, तेव्हा तो घटक कोणता, आणि तो त्या दोन गोष्टींचे कारण आहे की परिणाम, एवढे जरूर तपासा. हूकर यांच्या आकड्यांपुरता निकाल असा: पावसाने वैरण वाढल्याचे त्यांत स्पष्ट दिसते. उष्णतेबद्दल मात्र त्या २० वर्षांवरून ना घट सांगता येते, ना वाढ.