एक्कावन्न टक्क्यांची किंमत

३१ जुलै आणि १ ऑगस्ट २०२० या दोन दिवसांच्या सांध्यावर ‘इथेरियम क्लासिक’ या आभासी चलनाच्या साखळीतले ३,६९३ ब्लॉक एका झटक्यात रद्द झाले आणि त्यांच्या जागी दुसरेच ब्लॉक आले. सुमारे बारा तासांचा हिशेब नव्याने लिहिला गेला. एखादा मोठा मायनर इंटरनेटपासून तुटून एकटाच काम करत राहिला असावा आणि परत जोडला गेल्यावर त्याची शाखा सर्वांच्या माथी आली असावी, असा पहिला समज झाला. पण रद्द झालेल्या शाखेतले व्यवहार नव्या शाखेशी ताडून पाहिल्यावर वेगळेच दिसले. ‘ओकेईएक्स’ या एक्स्चेंजच्या खात्यात जमा झालेली नाणी नव्या हिशेबात तिथे कधी गेलीच नव्हती. ती हल्लेखोराच्याच दुसऱ्या पत्त्यांवर होती. अशी नाणी सुमारे आठ लाख सात हजार होती आणि त्यांची किंमत सुमारे ५६ लाख डॉलर. या हल्ल्यासाठी लागलेली संगणकशक्ती भाड्याने घेतलेली होती आणि ‘बिटक्वेरी’ या विश्लेषक संस्थेच्या हिशेबाप्रमाणे तिचे भाडे १७.५ बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन लाख डॉलरच्या आसपास होते.

हे घडले तरी कसे? कोणाचा पासवर्ड फुटला नाही, संकेतलिपी तुटली नाही. अशा चलनाला हिशेब ठेवणारी मध्यवर्ती बँक नसते. मायनर म्हणजे जगभर पसरलेली यंत्रे. ती एक गणिती कोडे सोडवण्यासाठी स्पर्धा करतात, ज्याला उत्तर सापडते तो व्यवहारांचा पुढचा ब्लॉक जोडतो आणि बक्षीस म्हणून नवी नाणी घेतो. दोन शाखा समोर आल्या, तर जिच्यामागे अधिक गणनश्रम आहेत ती खरी, हा सर्वांनी मानलेला नियम. हल्लेखोराने हाच नियम वापरला. आधी त्याने एक्स्चेंजवर दुसरे चलन देऊन इथेरियम क्लासिकची नाणी घेतली आणि ती बाहेर आपल्या पत्त्यांवर काढली. मग भाड्याच्या यंत्रांवर स्वतःची शाखा गुपचूप वाढवायला सुरुवात केली, ती कोणाला न दाखवता. उघड साखळीवर त्याने तीच नाणी पुन्हा एक्स्चेंजला पाठवली, एक्स्चेंजने ठरलेल्या संख्येचे ब्लॉक उलटेपर्यंत वाट पाहिली आणि जमा मान्य केली. त्याने ती विकून दुसरे चलन घेतले व तेही बाहेर काढले. ते हाती पडल्यावरच गुप्त शाखा जाहीर केली. तिच्यात एक्स्चेंजकडे गेलेला व्यवहार नव्हता, आणि तिच्यामागे श्रम अधिक असल्याने सर्व यंत्रांनी तीच खरी मानली. एक्स्चेंजने दिलेले चलन मात्र परत येणार नव्हते, कारण ते दुसऱ्याच साखळीवर होते.

यावरून या हल्ल्याची मर्यादाही कळते. निम्म्याहून अधिक शक्ती हाती असली तरी दुसऱ्याच्या पत्त्यावरची नाणी उचलता येत नाहीत, कारण त्यासाठी त्याची डिजिटल स्वाक्षरी लागते. नियमापेक्षा जास्त नाणीही पाडता येत नाहीत, कारण इतर यंत्रे तसा ब्लॉक नाकारतात. आपण केलेला खर्च पुसणे आणि इतरांचे व्यवहार अडवून धरणे, एवढेच हल्लेखोराला जमते. निम्म्यापेक्षा कमी शक्ती असेल, तर त्यालाही नशिबाची साथ लागते. २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या मूळ निबंधातच हा हिशेब आहे: दहा टक्के शक्तीच्या हल्लेखोराविरुद्ध पाच ब्लॉक थांबले की त्याच्या यशाची शक्यता हजारात एकाहून कमी होते, तीस टक्क्यांना चोवीस ब्लॉक लागतात, पंचेचाळीस टक्क्यांना ३४०. अर्ध्यापलीकडे मात्र कितीही थांबले तरी उपयोग नाही. पुरेसा वेळ टिकून राहिला, तर तो उघड साखळीला गाठणारच. थांबण्याने फक्त त्याचा खर्च वाढतो.

आता प्रश्न खर्चाचा. मायनर वीज आणि यंत्रे यांवर पैसे घालतात ते बक्षिसाच्या आशेने, त्यामुळे बक्षिसाची बाजारातली किंमत जितकी मोठी तितकी जास्त यंत्रे त्या साखळीवर येतात, आणि हल्लेखोराला निदान तेवढीच यंत्रे नव्याने उभी करावी लागतात. बिटकॉइनची एकूण शक्ती २०२४ मध्ये सेकंदाला ६०० एक्झाहॅशच्या वर गेली. सेकंदाला २०० टेराहॅश काढणारे आणि साडेतीन किलोवॅट वीज खाणारे त्या काळचे चांगले यंत्र धरले, तर बरोबरी करायला तीस लाख यंत्रे लागतील आणि त्यांना अखंड १०,५०० मेगावॅट वीज. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे अशा पाचांहून अधिक कोयना पूर्ण क्षमतेने चालवाव्या लागतील. यंत्रामागे तीन हजार डॉलर धरले तरी नुसती खरेदीच ९०० कोटी डॉलरची होते, आणि इतकी यंत्रे बाजारात तयार ठेवलेली नसतातच.

पण केवळ आकार मोठा म्हणून साखळी सुरक्षित, हे मला पुरेसे वाटत नाही. इथेरियम क्लासिक हे अगदीच लहान चलन नव्हते. त्याचे दुखणे वेगळे होते. त्याचे कोडे आणि थोरल्या इथेरियमचे कोडे तेव्हा एकाच प्रकारचे होते, आणि थोरल्याची शक्ती त्याच्या वीसपटीहून अधिक होती. त्यामुळे या कामाला लागणारी शक्ती भाडेबाजारात तासावर मिळत होती. हल्लेखोराला एकही यंत्र विकत घ्यावे लागले नाही. शिवाय गुप्त शाखेतल्या ब्लॉकांची बक्षिसेही त्यालाच मिळाली. ब्लॉकला ३.२ नाणी या दराने ती साडेअकरा हजारांहून अधिक भरतात, म्हणजे भाड्याचा बराच भाग तिथेच फिटला. तेव्हा मोजायचे ते हे, की साखळीवर चालू शकणारी किती शक्ती तिच्या बाहेर, भाड्याने मिळण्याजोगी आहे. आपल्या प्रकारच्या यंत्रांमध्ये जी साखळी सर्वांत मोठी, तिच्यावर हल्ला महाग पडतो. बिटकॉइनची यंत्रे फक्त त्याच कोड्यासाठी बनतात आणि त्यांतली बहुतेक आधीच त्याच साखळीवर राबत असतात.

शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ एरिक बुडिश यांनी २०१८ मध्ये यावर गंभीर हरकत घेतली: हल्लेखोरालाही बक्षीस मिळत असेल, तर त्याचा निव्वळ खर्च फार उरत नाही, आणि सुरक्षा सतत खर्च करूनच टिकवावी लागते. हरकत खरी आहे. तिचे उत्तर यंत्रांच्या स्वरूपात आहे. ज्याने दुसऱ्या कशालाही निरुपयोगी असलेली यंत्रे विकत घेतली, त्याच्या हल्ल्याने चलनाचा भाव कोसळला, तर त्याची गुंतवणूकही बुडते. भाडेकरूला ही भीती नसते. अर्थात नफा नको, नुसता नाश हवा अशा बलाढ्य शत्रूला हे उत्तर लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. दुसरी हरकत मायनरांच्या समूहांची. २०१४ मध्ये ‘जीहॅश’ या एकाच समूहाकडे बिटकॉइनची निम्मी शक्ती जमली होती. मात्र समूहाच्या चालकाकडे यंत्रांची मालकी नसते. गवगवा झाल्यावर अनेक मायनर बाहेर पडले आणि चालकांना आपला वाटा चाळीस टक्क्यांच्या आत ठेवण्याचे वचन द्यावे लागले. हा इलाज दिवसांच्या हिशेबाने चालतो आणि हल्ला तासांच्या, म्हणून मला तो अपुरा वाटतो.

इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट २०२० मध्येच आणखी दोन हल्ले झाले. नंतर १५ सप्टेंबर २०२२ रोजी थोरल्या इथेरियमने मायनिंगच बंद केले, तेव्हा रिकामी झालेली बरीच यंत्रे क्लासिककडे वळली आणि त्याची शक्ती काही पटींनी वाढली. लहान साखळीवरचे चलन कोणी आपल्याला मोबदला म्हणून देऊ केले, तर त्याच यंत्रांवर तिच्यापेक्षा मोठी साखळी चालते का, हे आधी विचारावे. चालत असेल, तर माल किंवा रक्कम हातावेगळी करण्यापूर्वी तासभर नव्हे, काही दिवस थांबावे.