चार महिने चालणाऱ्या रसवंतीवर बारा महिन्यांचं घर कसं चालवायचं? हिशोब समजून घ्या

ऊन तापायला लागलं की रस्त्याच्या कडेला घुंगरांचा आवाज सुरू होतो. चरकाला बांधलेली ती घुंगरं, वर पाटी 'कानिफनाथ रसवंती गृह' नाहीतर 'नवनाथ रसवंती गृह'. गाव कुठलंही असो, नाव तेच. कारण यातल्या अनेक रसवंत्यांची मुळं पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यात, बोपगाव परिसरात आहेत. तिथल्या गडावर कानिफनाथांचं देऊळ आहे आणि पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांनी देवाचं नाव सोबत नेलं.

आता जरा आठवून बघा, जुलैमध्ये ही रसवंती कुठे असते? चरकावर ताडपत्री असते, घुंगरं गप्प असतात. पण मालकाचं घर तर चालूच असतं. किराणा, वीजबिल, पोरांची फी, दवाखाना यातलं काहीच पाऊस पडला म्हणून थांबत नाही.

मग फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत कमावलेल्या पैशावर पुढचे आठ महिने काढायचे कसे? हा हिशोब एकदा नीट समजला की कुल्फीवाला, छत्री-रेनकोटवाला, फटाकेवाला, कोकणातला होमस्टेवाला, सगळ्यांनाच तो लावता येतो.

आधी गल्ल्याचा भ्रम

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या गावात ते कमी-जास्त असतील.

समजा एका रसवंतीवर दिवसाला सरासरी २५० ग्लास जातात. ग्लास २० रुपयांचा, म्हणजे गल्ल्यात ५,००० रुपये. त्यातून दीडशे किलो ऊस ६ रुपये किलोने ९०० रुपयांचा, बर्फ ३०० चा, लिंबू-आलं-मसाला २०० चा, हाताखालच्या पोराची मजुरी ६०० आणि जागाभाडं, वीज, साफसफाई मिळून ५००. एकूण खर्च २,५००. राहिले २,५००.

अवकाळी, सुट्ट्या, आजारपण सोडून सिझनचे १०० दिवस धरले तर हातात येतात अडीच लाख. चार महिन्यांत अडीच लाख म्हणजे महिन्याला साडेबासष्ट हजार! एप्रिलमध्ये माणूस याच हिशोबाने विचार करतो. मग नवी गाडी हप्त्यावर येते आणि लग्नात आहेर मोठा जातो.

पण ही कमाई बारा महिन्यांची आहे. शिवाय पुढचा सिझन उभा करायला लागणारे पैसे यातूनच जायचेत. ते ३५,००० धरले आणि उरलेल्याला बाराने भागलं, तर महिन्याला येतात १८ हजारांपेक्षाही कमी. साडेबासष्ट नाही, अठरा. घराचा महिना याच आकड्यावर ठरवायचा.

मग रोजच्या अडीच हजारांचं करायचं काय?

आपल्या उदाहरणातल्या घराचा महिन्याचा खर्च १५,००० आहे. जूनमधली शाळेची फी आणि दिवाळी मिळून वर्षातून एकदा येणारा खर्च २५,०००. तर रोज संध्याकाळी गल्ला मोजला की पैसे चार वाटांनी जायला हवेत.

पहिली वाट चालू घरखर्चाची, ६०० रुपये. दुसरी पावसाळ्याची, म्हणजे पुढच्या आठ महिन्यांच्या घरखर्चाची, १,२०० रुपये. तिसरी पुढच्या सिझनची, ३५० रुपये. चौथी फी आणि दिवाळीची, २५० रुपये. हे झाले २,४००. राहतात फक्त १०० रुपये. सिझनभरात त्याचे १०,००० होतात आणि खरी शिल्लक म्हणायची तर ती एवढीच.

ही वाटणी रोजच्या रोज करायची, महिन्याच्या शेवटी नाही. कारण रोकड धंद्यात पैसा घरात पडून राहिला की त्याला पाय फुटतात.

पैसा ठेवायचा कुठे?

बाजारपेठेतला नेहमीचा मार्ग म्हणजे पिग्मी. एजंट रोज दुकानावर येतो, पैसे नेतो, सवय लागते. फक्त दोन गोष्टी आधी विचारायच्या. एक, मुदतीआधी पैसे काढले तर किती कापून घेणार? कारण तुम्हाला ते जूनपासूनच लागणार आहेत. दुसरं, पिग्मी बँकेची आहे की पतसंस्थेची? बँकेतल्या, अगदी सहकारी बँकेतल्याही, ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा नसतो.

भिशीचं गणित मात्र इथे उलटं पडतं. नंबर ऑगस्टमध्ये लागला तर बरं वाटतं, पण हप्ता नोव्हेंबर-डिसेंबरमध्येही भरावाच लागतो. दर महिन्याला ठरावीक रक्कम मागणाऱ्या आवर्ती ठेवीचंही तेच. ज्याची कमाई चार महिन्यांची, त्याने बारा महिन्यांचा हप्ता अंगावर घ्यायचा नाही.

साधा उपाय असा, की सिझन संपताना पावसाळ्याच्या खात्यात जे १,२०,००० जमलेत त्यांच्या ३०-३० हजारांच्या चार रकमा करायच्या. पहिली बचत खात्यात ठेवायची. बाकी तीन बँकेत मुदत ठेवीत, एक दोन महिन्यांची, एक चार महिन्यांची, एक सहा महिन्यांची. दर दोन महिन्यांनी एक ठेव सुटते आणि पुढचे दोन महिने निघतात. व्याज फार मिळत नाही. पण पैसा नजरेआड राहतो, हा यातला खरा फायदा.

सर्वात महाग पडणारी चूक

पावसाळ्यात पैसे कमी पडले की पहिला हात जातो पुढच्या सिझनच्या ३५,००० वर. 'फेब्रुवारीला अजून वेळ आहे' असं वाटतं. हे पैसे असतात चरकाचे रोलर-बेअरिंग दुरुस्त करायला, जागेच्या डिपॉझिटला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेतकऱ्याला उसाचा इसार द्यायला.

साखर कारखान्यांचं गाळप साधारण मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतं. तोवर बहुतेक ऊस कारखान्याला गेलेला असतो. म्हणजे ज्या एप्रिल-मेमध्ये रसाला सर्वात जास्त गिऱ्हाईक, तेव्हाच शेतात ऊस कमी. म्हणून जाणता रसवंतीवाला आधीच शेतकऱ्याशी बोलून, इसार देऊन फड राखून ठेवतो.

इसाराला पैसे नसतील तर ऊस व्यापाऱ्याकडून उधारीवर घ्यावा लागतो आणि उधारीचा भाव वेगळा असतो. समजा किलोमागे फक्त २ रुपये जास्त गेले. दीडशे किलोचे रोज ३०० रुपये, १०० दिवसांचे ३०,०००. म्हणजे पावसाळ्यात ३५,००० मोडले आणि उन्हाळ्यात ३०,००० जास्तीचे भरले. पुढच्या पावसाळ्यासाठी बाजूला पडणारी रक्कम आपोआप कमी होते आणि खड्डा दरवर्षी मोठा होत जातो. चांगला चालणारा धंदा वर्षानुवर्षं उधारीत का अडकतो, याचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं.

अशा वेळी फेरीवाल्यांसाठीची पीएम स्वनिधी योजना कामाला येऊ शकते. तिचा पहिला टप्पा आधी १०,००० चा होता, आता १५,००० चा आहे. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. म्हणून हे कर्ज फेब्रुवारीत भांडवलाला घ्यायचं आणि पाऊस पडायच्या आत फेडून मोकळं व्हायचं. पावसाळ्यात घरखर्चाला घेतलं तर हप्ते भरायला कमाईच नसते.

जोडधंदा किती कमावणारा हवा?

आपल्या उदाहरणात वर्षाची गरज आहे २,४०,०००. आता समजा अवकाळीने सिझनचे १५ दिवस खाल्ले. रोजचे २,५०० प्रमाणे ३७,५०० गेले, हातात आले २,१२,५००. खड्डा पडला २७,५०० चा. जोडधंद्याचं लक्ष्य एवढंच आहे. 'काहीतरी करू' म्हणून सुरू केलेल्या धंद्यात भांडवल बुडतं, पण आठ महिन्यांत साडेसत्तावीस हजार हवेत म्हटलं की शोध सोपा होतो.

जागा, ओळख आणि गिऱ्हाईक तर आहेच. जुलै-ऑगस्टमध्ये तिथेच शेगडी लावून मक्याची कणसं भाजता येतात. दिवसाला ५० कणसं १० रुपयांनी घेतली तर ५००. कोळसा, लिंबू, तिखट-मीठ १५०, जागेचे १००. त्यातली ४४ कणसं २५ रुपयांनी विकली गेली तर १,१०० रुपये. राहिले ३५०. चांगले ५० दिवस मिळाले तर १७,५००.

त्यानंतर सीताफळ. पुरंदरच्या माणसाला ते वेगळं शिकवायला नको, सासवडच्या बाजारात ते ढिगाने येतं. २० किलो ५० रुपयांनी घेतलं, तीन किलो नरम पडून वाया गेलं आणि १७ किलो ८० ने विकलं, तर जागेचे १०० वजा जाऊन २६० रुपये राहतात. ४० दिवसांचे १०,४००. दोन्ही मिळून २७,९००. खड्डा भरला.

यात वाया जाणारा माल आधीच धरलाय, हे लक्षात घ्या. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. सगळाच माल विकला जाईल असं धरून केलेला हिशोब पहिल्याच आठवड्यात फसतो.

जोडधंद्यासाठी दोन कुंपणं घालून घ्यायची. भांडवल त्या १०,००० च्या शिल्लकीतूनच, पावसाळ्याच्या किंवा पुढच्या सिझनच्या पैशातून नाही. आणि जानेवारीअखेर तो आवरता यायला हवा, कारण फेब्रुवारीत चरक लावायचाय. त्याआधी जागामालक आणि फेरीवाला परवाना यात दुसरा माल विकायला अडचण नाही ना, हेही विचारून घ्यायचं.

गाडी घसरतेय हे कसं ओळखायचं?

वर्षातून दोनदा पासबुक उघडायचं. सिझन १० जूनला संपला असं धरलं तर १० ऑगस्टला पावसाळ्याच्या पैशात ९०,००० असायला हवेत आणि १० नोव्हेंबरला ४५,०००. ऑगस्टमध्ये ८०,००० दिसले तर उरलेल्या सहा महिन्यांत महिन्याला १,७०० च्या आसपास खर्च कमी करून किंवा कणसांचे दिवस वाढवून भरपाई होते. तीच १०,००० ची तूट डिसेंबरमध्ये कळली तर हातात दोनच महिने असतात. महिन्याला ५,००० कुठून वाचवणार? मग उसाच्या इसाराचे पैसे मोडतात.