तासाला कोणता लॅपटॉप टिकतो?

ऑनलाइन तासाला आवाज तुटायला लागला की पहिला संशय नेटवर जातो. राउटर बंद-चालू होतो, मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघितला जातो, तरी आवाज तुटतोच. पुष्कळदा दोष नेटचा नसतो, लॅपटॉपच्या रॅमचा असतो. मी नववी-दहावीला गणित शिकवते आणि संध्याकाळचे तास ऑनलाइन घेते. "मॅडम, स्वस्तातला कोणता घेऊ?" असं पालक विचारतात, तेव्हा समोर तीन पर्याय असतात. तिघांवरही मी शिकवून पाहिलं आहे.

पहिला सगळ्यात स्वस्त, नवा कोरा विंडोज लॅपटॉप: सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी ईएमएमसी. खोक्यावर 'विद्यार्थ्यांसाठी' असं छापलेलं असतं. विंडोज ११ साठी कंपनीने सांगितलेली किमान गरज नेमकी एवढीच आहे, म्हणजे तो सुरू होतो, पण काम सुरू केलं की दमतो. विंडोज स्वतःच दोन-अडीच जीबी रॅम घेतं. वर मीट उघडलं, पुस्तकाची पीडीएफ उघडली आणि स्क्रीन शेअर केली की रॅम संपते. मग जागा कमी पडलेला लॅपटॉप डिस्कवर सामान टाकू लागतो आणि ईएमएमसी ही डिस्क मुळातच संथ. आवाज तुटतो तो इथे. खात्री करायची असेल तर तास चालू असताना Ctrl+Shift+Esc दाबून Performance उघडा. Memory नव्वद टक्क्यांवर आणि Disk शंभरावर अडकली असेल, तर नेटवाल्याला फोन करून उपयोग नाही. शिवाय ६४ जीबीत विंडोजचे मोठे अपडेट येतात तेव्हा जागा पुरत नाही, ते वेगळंच.

तेवढ्याच रॅमचं क्रोमबुक मात्र बरं चालतं, कारण त्याची प्रणाली हलकी आहे. नुसता तास ऐकणाऱ्या, गृहपाठ ब्राउझरमध्ये करणाऱ्या मुलाला ते पुरतं. पण अकरावी कॉमर्सला गेल्यावर टॅली लागलं, तर ते क्रोमबुकवर सरळ बसत नाही. घेण्यापूर्वी त्या मॉडेलला कोणत्या वर्षापर्यंत अपडेट मिळणार, हेही बघा. २०२१ पासून आलेल्या मॉडेलना गूगलने दहा वर्षं अपडेट देऊ केले आहेत, पण ती वर्षं त्या मॉडेलचा प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे.

दुसरा पर्याय नवा आय-थ्री किंवा रायझन-थ्री, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. यावर तास निर्धास्त होतो. उणिवा आहेतच. कॅमेरा बहुधा ७२० पी असतो, ट्यूबलाइटच्या उजेडात चेहरा मुंग्या आल्यासारखा दिसतो. स्वस्त मॉडेलचा पडदा जरा मागे कलला की रंग पालटतात, दोन भावंडं शेजारी बसून बघू शकत नाहीत. आणि रॅम अनेकदा मदरबोर्डवरच जोडलेली असते, पुढे वाढवता येत नाही. दुकानदाराला "रॅमला जादा स्लॉट आहे का?" हे विचाराच.

तिसरा पर्याय कंपन्यांतून निघालेला, रीफर्बिश्ड लॅपटॉप. कीबोर्ड दणकट, रॅम बहुधा वाढवता येते, किंमत नव्या आय-थ्रीपेक्षा बरीच कमी. फसगत होते ती दोन ठिकाणी. नुसतं 'आय-फाइव्ह' ऐकून पैसे मोजू नका. स्टिकरवर नव्हे, Settings मधल्या About मध्ये पूर्ण नाव वाचा. i5-6300U मधला ६ म्हणजे सहावी पिढी. विंडोज ११ ला अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसर चालतात आणि विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तेव्हा i5-8350U चालेल, सहावीवाला नको.

दुसरी फसगत बॅटरीची. दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेला अहवाल ब्राउझरमध्ये उघडला की दोन आकडे दिसतात. समजा DESIGN CAPACITY ५०,००० आणि FULL CHARGE CAPACITY ३०,००० आहे, तर बॅटरी साठ टक्केच उरली. वीज जाणाऱ्या गावात ही मोठी अडचण. नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा, आणि वॉरंटी बिलावर लिहून घ्या.

माझा कौल असा: फक्त ऐकणाऱ्या मुलाला क्रोमबुक. स्क्रीन शेअर करून शिकवणाऱ्याला आठव्या पिढीचा, एसएसडी असलेला रीफर्बिश्ड, आणि ऐपत असेल तर नवा आय-थ्री. ४ जीबीचा विंडोज लॅपटॉप मात्र कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नका.