वाफ्यावरची पाइपची चौकट

गच्चीवर किंवा अंगणात भाजीचा वाफा असेल तर त्याच्या कडेनं फिरणारी पीव्हीसी पाइपची चौकट पाणी सगळीकडे सारखं पोचवते. एका बाजूनं पाणी आत येतं आणि पाइपला पाडलेल्या बारीक भोकांतून मातीवर पडतं. सामान थोडं लागतं, काम अर्ध्या दिवसाचं आहे. बिघडतं ते बहुधा जोडांपाशी, कारण पाइपला लावायचं ते ‘सोल्युशन’ डिंकासारखं काम करतं असं बरेच जण धरून चालतात.

दुकानात सोल्युशन म्हणून मिळणारं हे सॉल्व्हंट सिमेंट पीव्हीसीला विरघळवतं. त्यातल्या द्रावकानं पाइपचा बाहेरचा आणि फिटिंगचा आतला पृष्ठभाग मऊ होतो, फुगतो. दोन्ही मऊ थर एकमेकांत दाबले जातात, द्रावक उडून जातो आणि उरतं ते एकसंध प्लास्टिक. म्हणून चुकलेला जोड उकलून पुन्हा लावता येत नाही, तो कापूनच काढावा लागतो. सोल्युशन लावण्याआधी सगळी चौकट कोरडी जोडून पाहायची ती यासाठीच.

फिटिंगचं तोंड आत जाताना किंचित निमुळतं होत जातं. त्यामुळे कोरडा पाइप साधारण अर्ध्यापर्यंत जातो आणि घट्ट बसून थांबतो. तसा थांबला तर माप जुळलं. कोरडाच सैल होऊन तळापर्यंत घसरला किंवा तोंडाशीच अडला, तर पाइप आणि फिटिंग वेगवेगळ्या मापांचे आहेत. बागेसाठी मिळणारा २० मिमीचा पाइप आणि घरातल्या नळासाठीचा अर्ध्या इंचाचा पाइप दिसायला जवळपास सारखे असतात, पण त्यांचा बाहेरचा व्यास एक नसतो. म्हणून सगळं सामान एकाच जातीचं घ्या आणि दुकानातच एक एल्बो पाइपवर चढवून पाहा. सोल्युशनचा डबाही पीव्हीसीचाच हवा. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपचं सोल्युशन वेगळं असतं.

आता एक चौकट मोजून पाहू. वाफा साधारण सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद आहे. कोपऱ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत चौकट १८०० मिमी लांब आणि ९०० मिमी रुंद धरू. चार कोपऱ्यांना चार एल्बो आणि पाणी आत घ्यायला एका आखूड बाजूच्या मधोमध एक टी. २० मिमीच्या एल्बोचं तोंड साधारण १६ मिमी खोल असतं आणि एल्बोच्या मध्यापासून तोंडाच्या तळापर्यंतचं अंतर साधारण ११ मिमी. हातातलं फिटिंग एकदा मोजून खात्री करा. लांब बाजूला दोन एल्बो येतात, म्हणून १८०० मधून २२ वजा करून पाइप १७७८ मिमीचा कापायचा. समोरची आखूड बाजू ८७८ मिमीची. टीच्या बाजूला एल्बोचे २२ आणि टीचे आणखी २२ गेले की ८५६ उरतात, म्हणजे ४२८ मिमीचे दोन तुकडे. सहा मीटरचा पाइप न्यायला सोपा जावा म्हणून दुकानदारानं मधोमध कापला तरी अडत नाही: एका अर्ध्यातून १७७८ आणि ८७८, दुसऱ्यातून १७७८ आणि ४२८ चे दोन्ही तुकडे निघतात. दोन्हीकडे फूटभर पाइप उरतो.

कोरडी जोडल्यावर चौकट मापापेक्षा मोठी दिसेल. प्रत्येक तोंडात पाइप सात-आठ मिमी बाहेर राहिलेला असतो, त्यामुळे लांबी १८१५ च्या आसपास भरेल. इथे घाईनं पाइप छाटू नका. सोल्युशननं मऊ झाल्यावर तो तळापर्यंत जातो आणि माप बरोबर येतं. कोरड्या जुळणीत पाहायचं ते दिशेचं. चौकट सपाट फरशीवर ठेवा. चारही कोपरे टेकले की प्रत्येक जोडावर पाइप आणि फिटिंग दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ मार्करनं ओढा. मग सुटी करून प्रत्येक पाइपवर टोकापासून १६ मिमीवर खोलीची खूण करा. पहिली खूण एल्बो कुठे बघणार ते सांगते, दुसरी पाइप तळाला पोचला की नाही ते.

जोडकाम सावलीत, मोकळ्या हवेत करा. उन्हात तापलेल्या पाइपवर सोल्युशन जोड बसण्याआधीच सुकतं. त्याची वाफ डोक्यात जाते आणि ती पेट घेते, म्हणून जवळ विडी-काडी नको. कापलेलं टोक काटकोनात हवं. आतबाहेरचे किस चाकूनं काढा आणि बाहेरची कड पॉलिश पेपरनं किंचित तिरकी करा, नाहीतर धारदार कड आत जाताना सोल्युशन पुढे खरवडत नेते आणि जोड मागे कोरडा राहतो. दोन्ही भाग पुसून कोरडे करा. पाइपवर खुणेपर्यंत भरपूर, फिटिंगच्या आत मात्र पातळ हात द्या. आत जास्त झालेलं सोल्युशन तळाशी साचून पाइपची भिंत मऊ करत राहतं. लगेच पाइप घाला, रेघेपासून पाव फेरा बाजूला ठेवून सुरुवात करा आणि दाबत दाबत रेघेवर आणा. मग अर्धा मिनिट सोडू नका. निमुळतं तोंड मऊ पाइपला मागे ढकलत असतं. हात लवकर काढला तर तो सरकतो आणि खूण पुन्हा दिसू लागते. तोंडाभोवती सोल्युशनची बारीक कड अखंड उमटली तर जोड नीट बसला. कड कुठे तुटलेली असेल तर तिथे सोल्युशन कमी पडलंय. जादा आलेलं फडक्यानं पुसा. डब्यातलं सोल्युशन जेलीसारखं झालं असेल तर त्यात काहीही मिसळून ते पातळ करू नका, टाकून द्या.

बंद चौकटीत शेवटी एक पेच येतोच: अखेरची बाजू दोन तोंडांत एकदम शिरायला हवी आणि तिथे पाव फेरा देता येत नाही. म्हणून आधी दोन लांब बाजू आणि ८७८ ची बाजू दोन एल्बोंनी जोडून घ्या. टीची बाजू तिच्या दोन एल्बोंसकट वेगळी जोडा. उरलेले दोन जोड एकमेकांना समांतर आहेत, म्हणजे दोन्ही भाग सरळ रेटून बसवता येतात. माझं मत विचाराल तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी असेल तेव्हा हे दोन जोड चिकटवूच नयेत. टाकीची पातळी तीन मीटर उंच असली तरी २० मिमीच्या पाइपला बाहेर ढकलणारं बळ जेमतेम एक किलोच्या वजनाएवढं असतं, आणि घट्ट बसलेला कोरडा जोड ते पेलतो. थेंब गळले तर वाफ्यातच पडतात, आणि आत गाळ साचला की चौकट उघडून धुता येते. पंपाचं थेट पाणी असेल तर मात्र तेही चिकटवा. दोघांनी मिळून दोन्ही तोंडं एकदम रेटा आणि जास्त वेळ धरून ठेवा.

उरलेल्या पाइपचा एक तुकडा टीच्या मोकळ्या तोंडात बसवून त्यावर आट्यांचा अॅडॉप्टर चिकटवा. नळी जोडायच्या आट्यांना मात्र सोल्युशन नको, टेफ्लॉन टेप गुंडाळा. त्याच उरलेल्या पाइपचे दोन तुकडे एका कपलरनं जोडून दुसऱ्या दिवशी हॅक्सॉनं लांबीच्या दिशेनं उभे चिरा. पाइप आणि कपलर यांच्यातली रेघ पुसली गेली असेल तर तुमचा हात बसला. मध्येच कोरडी फट दिसली तर चौकटीचे जोडही पुन्हा नीट तपासा.

चौकट दिवसभर सुकू द्या. पावसाळी दमट हवेत आणखी जास्त. भोकं सगळ्यात शेवटी पाडायची, म्हणजे त्यांची दिशा नक्की आत आणि खाली राहते. दीड मिमीचं ड्रिल आणि दर १५ सेंमीला एक भोक पुरतं. पाणी सोडण्याआधी कोरडे दोन जोड उघडून आतला किस धुऊन काढा, नाहीतर तोच पहिल्या भोकांत अडकतो.