तळणीचे उरलेले तेल : इंधन की साबण?

मासळीच्या थाळीबरोबर रव्यात घोळवलेला बांगडा देणाऱ्या खानावळीत दिवसअखेर कढईच्या तळाशी काळपट तेल उरते. ते दुसऱ्या दिवशी ताज्या तेलात मिसळले जाते, स्वस्तात विकले जाते अथवा मोरीत ओतले जाते. वारंवार तापलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल खाद्य म्हणून वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. दिवसाला ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकालाच द्यावयाचे असते.

मात्र गोळा झालेले सर्वच तेल इंधनाच्या लायकीचे नसते. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ते सुमारे ५५ अंशांवर ढवळतात. तेलाचे रेणू फुटून मिथाईल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल, वर राहते आणि जड ग्लिसरीन तळाशी बसते. परंतु तळण्याने तेलात मुक्त मेदाम्ले तयार झालेली असतात. ती सोडा गिळून साबण बनवतात. तेलात पाणी असेल तर साबण आणखी वाढतो. मग दोन थर वेगळे न होता दाट, गढूळ लापशी उरते.

म्हणून आधी परीक्षा घेतात. एक मिलिलिटर तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकतात आणि लिटरमागे एक ग्रॅम सोड्याचे द्रावण थेंबाथेंबाने सोडतात. गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलिलिटर लागतील, तितके ग्रॅम सोडा दर लिटर तेलास जादा लागतो. ताज्या तेलाला साधारण साडेतीन ग्रॅम पुरतात. समजा, परीक्षेत २ मिलिलिटर लागले, तर १०० लिटर तेलास ५५० ग्रॅम सोडा व सुमारे २० लिटर मिथेनॉल लागेल. हाच आकडा ६ निघाला, तर मेदाम्ले साडेचार टक्क्यांच्या आसपास आहेत. आधी आम्लाची वेगळी प्रक्रिया केल्याविना ते तेल इंधनाला परवडत नाही.

असे तेल साबणाला मात्र चालते, कारण तिथे साबण होणे हाच हेतू असतो. गाळलेल्या एक किलो सूर्यफूल तेलास सुमारे १३० ग्रॅम सोडा पुरतो. सोडा पाण्यात घालावा, पाणी सोड्यात कधीही ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडेही वापरू नये. वड्या महिनाभर सुकवून भांडी आणि फरशीसाठी वापराव्यात. मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही असल्याने बायोडिझेलचा प्रयोग मात्र घरी करू नये.

घरच्या तेलाचे भवितव्य बाटलीतच ठरते. तेल थंड झाल्यावर रव्याचे कण कापडाने गाळून ते कोरड्या बाटलीत साठवावे. तापवताना तडतडले, तर त्यात पाणी आहे असे समजावे. एका ओल्या बाटलीने संकलकाचा अख्खा पिंप इंधनाच्या रांगेतून बाहेर पडू शकतो.